एडीआर कसा लिहायचा: एका एसएमएस क्यूची गोष्ट धरून

एडीआर म्हणजे एखादा तांत्रिक निर्णय का घेतला याची लेखी नोंद, आणि ती का लागते ते मला एका चुकीतून कळलं. मी एका टीममध्ये होतो, तिथे दूध संकलनाचं सॉफ्टवेअर चालायचं. सकाळी शेतकरी किटली घेऊन संस्थेत येतो, दूध मोजलं जातं, फॅट आणि एसएनएफ लागते, दर निघतो आणि त्याच्या मोबाइलवर मेसेज जातो की इतके लिटर, इतकी फॅट, इतके रुपये. हा मेसेज तिथल्या तिथे पाठवला जात नव्हता, आधी पोस्टग्रेसच्या एका टेबलात ओळ पडायची आणि मागे चालणारा वर्कर ती उचलून मेसेज पाठवायचा. मी नवीन, ते टेबल बघून मला हसूच आलं. क्यूसाठी कोणी डेटाबेसचं टेबल वापरतं का, रेडिस असताना? विचारलं तर कोणालाच माहीत नाही, ज्याने केलं तो सिनियर वर्षभरापूर्वी सोडून गेलेला, आणि गिटमध्ये कमिट मेसेज काय तर फक्त `sms queue`. मग दोन आठवडे घालून मी ते सगळं रेडिसवर नेलं. पीआर सगळ्यांनी अप्रूव्ह केला, एकाने तर टाळ्यांचा इमोजी टाकला.

चौथ्या दिवशी एका संस्थेच्या सचिवांचा फोन. "साहेब, ह्यांच्या मोबाइलवर मेसेज आलाय की, सहा लिटर चारशे, आणि वहीत नोंदच न्हाई. आता मी काय सांगू ह्यास्नी?" मागे ते आजोबा बोलताना ऐकू येत होते.

झालं होतं असं की दूध नोंदवणारा कोड एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालायचा. मी मधेच रेडिसमध्ये जॉब टाकत होतो, त्यानंतर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये दरपत्रक सापडलं नाही म्हणून एरर आली, पोस्टग्रेसने सगळं रोलबॅक केलं, पण रेडिसला त्या रोलबॅकचं काय घेणंदेणं. मेसेज गेला, नोंद गायब. जुन्या टेबलात नोंद आणि मेसेजची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पडत होती, त्यामुळे पडतील तर दोन्ही नाहीतर एकही नाही. हेच तर कारण होतं. सिनियरला माहीत होतं, पण कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही एडीआर लिहायला लागलो, म्हणजे आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड. एक निर्णय, एक छोटी टेक्स्ट फाइल, कोडच्याच रेपोत. ही पद्धत मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये एका छोट्या लेखात मांडली आणि तिथून पसरली. त्यांच्या साच्यात शीर्षक, स्टेटस, संदर्भ, निर्णय आणि परिणाम एवढंच होतं. कोणकोणते पर्याय बघितले यासाठी वेगळा भाग नव्हता, तो पुढे एमएडीआर नावाच्या साच्यात आला. माझं मत विचाराल तर पर्यायांचा भाग हवाच, कारण सहा महिन्यांनी येणारा माणूस "हे का केलं" असं विचारतच नाही, तो विचारतो "ते दुसरं का नाही केलं". मी तरी तेच विचारलं होतं.

आता पहिल्यांदा लिहिणाऱ्यासाठी एकेक करून सांगतो, उदाहरण हेच, मेसेजच्या क्यूचं. आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून गोल केलेत.

आधी ठरवा की याला एडीआर लागतो का

सगळ्यालाच लिहायला गेलात तर महिनाभरात टीम कंटाळते आणि मग कशालाच लिहिलं जात नाही, हे मी दोन टीममध्ये बघितलंय. माझी कसोटी साधी आहे: हा निर्णय उद्या फिरवायचा म्हटलं तर किती दिवस जातील? अर्धा दिवस लागत असेल तर सोडून द्या, कमिट मेसेजमध्ये दोन ओळी पुरतात. आठवडा-दोन आठवडे जाणार असतील, किंवा डेटा हलवावा लागणार असेल, किंवा दुसऱ्या टीमला त्यांचा कोड बदलावा लागणार असेल तर लिहा. फॉरमॅटर कुठला वापरायचा याला एडीआर नको. क्यू कुठे ठेवायची, लॉगिन कसं करायचं, एका संस्थेचा डेटा दुसरीपासून वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवायचा की एकाच टेबलात कॉलम लावून, याला हवा.

फाइल कुठे आणि कशी

रेपोत `doc/adr` नावाचा फोल्डर, त्यात चार आकडी नंबर लावलेल्या मार्कडाउन फाइली. विकीवर किंवा ड्राइव्हवर ठेवू नका. तिथे ठेवलं की कोड बदलणाऱ्याच्या नजरेला ते पडत नाही, आणि वर ते कोणीही कधीही बदलतं, कुठली आवृत्ती कधीची याचा पत्ता लागत नाही. रेपोत असलं की निर्णय आणि कोड एकाच पीआरमध्ये दिसतात.

हाताने फाइल बनवली तरी चालतं. आळस असेल तर `adr-tools` म्हणून छोट्या शेल स्क्रिप्ट आहेत:

```
adr init doc/adr
adr new SMS queue in Postgres
```

पहिली कमांड `0001-record-architecture-decisions.md` बनवते, म्हणजे "आम्ही एडीआर लिहिणार" हाच पहिला निर्णय. दुसरीने `0002-sms-queue-in-postgres.md` तयार होते. एक लक्षात ठेवा, हे टूल नव्या फाइलमध्ये स्टेटस थेट `Accepted` टाकून देतं, ते हाताने `Proposed` करा, नाहीतर चर्चा व्हायच्या आधीच निर्णय झालेला दिसतो आणि लोक तोंड उघडत नाहीत. पर्यायांचा भाग पण आपला आपण घालायचा. आमचा साचा शेवटी असा झाला:

```
# 2. SMS queue in Postgres
Date: 2023-06-14
## Status
## Context
## Options considered
## Decision
## Consequences
```

शीर्षकात निर्णय आला पाहिजे, विषय नाही. "मेसेज क्यूबद्दल" असं शीर्षक टाकलं तर फाइलींची यादी बघून काहीच कळत नाही, प्रत्येक उघडावी लागते. "मेसेज क्यू पोस्टग्रेसमध्ये" म्हटलं की नुसती यादी वाचूनही निम्मं आर्किटेक्चर समजतं.

नंबराचा एक वैताग होतोच: दोन जण दोन ब्रँचवर एकाच वेळी 0008 बनवतात. फाइलची नावं वेगळी असल्यामुळे गिट कॉन्फ्लिक्ट दाखवत नाही आणि दोन्ही मेनमध्ये येऊन बसतात. आमचा नियम, जो नंतर मर्ज करतो तो आपला नंबर बदलतो, आणि दुसरीकडे कुठे त्या नंबराचा उल्लेख केला असेल तर तोही.

संदर्भ, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा

माझ्या पहिल्या मसुद्यात संदर्भ असा होता: "आपल्याला मेसेज पाठवण्यासाठी स्केलेबल आणि रिलायबल क्यूची गरज आहे." आमच्या लीडने वाचलं आणि म्हणाली, "अरे, हे वाक्य जगातल्या कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही फाइलमध्ये खपेल." खरंच होतं. शिवाय त्यात उत्तर आधीच घुसवलेलं होतं, गरज क्यूची आहे हे कोणी ठरवलं?

संदर्भात फक्त परिस्थिती लिहायची, आवडता उपाय नाही. आणि त्याची कसोटी अशी की ज्याला तुमच्या विरुद्धचा पर्याय हवाय त्यानेही हा परिच्छेद वाचून मान डोलावली पाहिजे. आमच्यात एक जण काफ्कावाला होता, त्याला वाचायला दिलं. त्याने दोन जागा दुरुस्त केल्या, मग "हो, हे बरोबर आहे, आता उपायावर भांडू" म्हणाला. तिथे पोचलात की संदर्भ झाला. शेवटी तो असा उतरला:

> संकलन सकाळी 6 ते 8:30 आणि संध्याकाळी 5:30 ते 8. सध्या 240 संस्था, सरासरी 125 सभासद, म्हणजे एका वेळचे साधारण 30,000 मेसेज. अडीच तासांत सारखे पसरले तर सेकंदाला तीन-चार. सगळे अर्ध्या तासात आले असं धरलं तरी सेकंदाला 17. नोंद नसेल तर मेसेज जाता कामा नये, नोंद असेल तर मेसेज गेलाच पाहिजे. 10 मिनिटं उशीर चालतो. एकच मेसेज दोनदा गेला तर चालतो (संस्थांशी बोलून ठरलं). टीममध्ये चार डेव्हलपर, सर्व्हर सांभाळायला वेगळा माणूस नाही. पोस्टग्रेस आधीपासून आहे, त्याचा बॅकअप रोज तपासला जातो.

यात बघा, प्रत्येक वाक्य पुढे कुठला ना कुठला पर्याय कापतं किंवा वाचवतं. सेकंदाला 17 हा आकडा लिहिला आणि अर्धा वाद तिथेच संपला. आधी मीटिंगमध्ये सगळे "लोड खूप आहे, लोड खूप आहे" म्हणत होते, पण भागाकार कोणी केला नव्हता.

कंसातलं ते "संस्थांशी बोलून ठरलं" मला फार महत्त्वाचं वाटतं. मेसेज दोनदा गेला तर चालेल का, हे डेव्हलपरने आपल्या मनाने ठरवायचं नसतं. आम्ही फोन केला तर सचिव म्हणाले, "दोनदा आला तर लोक हसतील, न आला तर भांडायला येतील." झालं, एका वाक्यात डिझाइन ठरलं. अशी गोष्ट कोणाला विचारून ठरली हे लिहून ठेवा, म्हणजे उद्या परत विचारायची वेळ आली तर कोणाला विचारायचं ते कळतं. नाव नको, भूमिका लिहा, माणसं बदलतात.

पर्याय, आणि त्यात बुजगावणं नको

नवीन माणूस हमखास करतो ती चूक म्हणजे आपल्याला हवा तो पर्याय चार ओळींचा, आणि बाकीचे दोन असे मरतुकडे लिहायचे की ते हरणारच. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं आणि मग पूर्ण फाइलवरचाच विश्वास उडतो. उपाय म्हणजे प्रत्येक पर्याय त्याच्या समर्थकाकडून लिहून घ्या. काफ्काचा परिच्छेद काफ्कावाल्यानेच लिहिला, आणि चांगला लिहिला.

आणि "काहीच करू नका" हा पर्याय यादीत असलाच पाहिजे. आमच्याकडे त्याचा अर्थ क्यूच नको, नोंद सेव्ह झाली की त्याच रिक्वेस्टमध्ये मेसेज पाठवा. कोड सगळ्यात कमी. पण मेसेज देणाऱ्याचा सर्व्हर एखाद्या सकाळी मंदावला की प्रत्येक नोंदीला 30 सेकंद टाइमआउट, आणि काट्यासमोर किटल्यांची रांग रस्त्यापर्यंत. म्हणून बाद.

काफ्का: भविष्यात हिशोब, रिपोर्ट, मोबाइल ॲप सगळ्यांना तीच घटना वाचता येईल, जुन्या घटना परत चालवता येतील, हे फायदे खरेच आहेत. पण सेकंदाला 17 मेसेजसाठी एक वेगळं क्लस्टर चालवायचं, ते सांभाळायला माणूस नाही, आणि आत्ता वाचणारा एकच. बाद, पण कारण "गरज नाही" असं नाही लिहिलं. "वाचणारे तीन झाले तर परत विचार करू" असं लिहिलं.

रेडिस: हा माझा लाडका, त्यामुळे मला सगळ्यात प्रामाणिकपणे लिहायला लागला. तयार लायब्ररी भरपूर, वेग भरपूर. एओएफ चालू करून दर सेकंदाला डिस्कवर लिहायला लावलं तरी मशीन पडलं तर शेवटच्या एखाद्या सेकंदाचे जॉब जाऊ शकतात, पण ते खरं कारण नव्हतं. खरं कारण वर सांगितलं तेच, डेटा दोन ठिकाणी आणि ट्रान्झॅक्शन एकाच ठिकाणी. यावर उपाय आहे, आधी पोस्टग्रेसच्या टेबलात ओळ टाकायची आणि कमिट झाल्यावर तिथून उचलून रेडिसमध्ये न्यायची, त्याला आउटबॉक्स म्हणतात. पण मग ते टेबल आलंच की परत! टेबल आहे, त्यातून वाचणारा वर्कर आहे, मग सेकंदाला 17 साठी मधे रेडिस कशाला. हे वाक्य लिहिताना माझा मलाच उलगडा झाला, मीटिंगमध्ये तासभर भांडून नव्हता झाला.

पोस्टग्रेस: नोंद आणि जॉब एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. वर्कर एकापेक्षा जास्त असले तरी एकमेकांच्या ओळींवर अडकू नयेत म्हणून `SKIP LOCKED` आहे, जे पोस्टग्रेसमध्ये 9.5 पासून मिळतं:

```sql
SELECT id, payload FROM sms_jobs
WHERE status = 'pending'
ORDER BY id LIMIT 20
FOR UPDATE SKIP LOCKED;
```

एका वर्करने धरलेल्या ओळी दुसरा सरळ ओलांडून पुढच्या घेतो, वाट बघत बसत नाही. आमच्या लोडसाठी हे पुरून उरतं.

प्रत्येक पर्यायाला पाच-सहा ओळी पुरेत. गुण देणारे तक्ते, म्हणजे वेगाला आठ, सोपेपणाला सात, बेरीज करून विजेता, हे मी एकदा केलंय आणि परत नाही करणार. आकडे आपण मागून जुळवतो, सगळ्यांना माहीत असतं.

निर्णय

हा भाग सगळ्यात छोटा. "आम्ही मेसेजची क्यू पोस्टग्रेसच्या `sms_jobs` टेबलात ठेवू. ओळ दुधाच्या नोंदीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये टाकली जाईल." बास. "करण्यात यावे", "विचाराधीन आहे" अशी सरकारी भाषा नको, कोण काय करणार ते सरळ लिहा. दुसरं वाक्य मुद्दाम आहे. नुसतं "पोस्टग्रेस" लिहिलं असतं तर उद्या कोणीतरी टेबल तेच ठेवून ओळ वेगळ्या कनेक्शनवरून टाकली असती आणि निर्णय अक्षरशः पाळून त्याचा जीव घेतला असता.

परिणाम, जिथे बहुतेक जण थापा मारतात

थापा म्हणजे फक्त चांगलं लिहितात. सोपं होईल, वेगवान होईल, सगळ्यांना आवडेल. निर्णयामुळे काय वाईट होणार, काय नवीन सांभाळावं लागणार, आणि हे चुकलं तर आपल्याला कळणार कसं, ते इथे आलं पाहिजे. आमच्या फाइलमधले तीन सांगतो.

पहिला, दोनदा मेसेज. वरच्या क्वेरीने ओळी लॉक करून तसंच लॉक धरून मेसेज पाठवत बसलात तर ट्रान्झॅक्शन उगाच लांबतं आणि कनेक्शन अडकतं. म्हणून वर्कर ओळ `processing` करून, वेळ टाकून लगेच कमिट करतो, मग मेसेज पाठवतो, मग `sent` करतो. पण पाठवल्यानंतर आणि `sent` लिहायच्या आधी वर्कर मेला तर? ओळ `processing` मध्ये अडकते, पाच मिनिटांनी ती परत `pending` केली जाते, दुसरा वर्कर तिला उचलतो आणि मेसेज दुसऱ्यांदा जातो. हे आम्ही टाळलं नाही, स्वीकारलं, आणि संदर्भात चालतं असं लिहिलेलंच आहे. दोन्ही भाग असे एकमेकांना धरून असले पाहिजेत. परिणामात काहीतरी स्वीकारलंय आणि संदर्भात त्याची परवानगीच नाही, असं दिसलं तर रिव्ह्यूमध्ये तिथेच अडवा.

दुसरा, मेलेल्या ओळी. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी प्रत लगेच जात नाही, ती मागे पडून राहते आणि ऑटोव्हॅक्यूम नंतर साफ करतं. क्यूच्या टेबलात प्रत्येक ओळ दोन-तीनदा बदलते, म्हणजे कचरा भरपूर. आम्ही लिहिलं की या टेबलाचं ऑटोव्हॅक्यूम जास्त वेळा चालेल असं सेटिंग करू, पाठवून झालेल्या ओळी सात दिवसांनी काढू, आणि `pg_stat_user_tables` मधल्या `n_dead_tup` वर लक्ष ठेवू.

तिसरा, परत विचार कधी करायचा. "भविष्यात गरज पडल्यास पुनर्विचार" हे लिहिणं म्हणजे न लिहिणं. आम्ही मोजता येईल असं लिहिलं: सगळ्यात जुना न गेलेला मेसेज 10 मिनिटांपेक्षा जुना, असं आठवड्यात तीन दिवस झालं तर.

```sql
SELECT now() - min(created_at)
FROM sms_jobs WHERE status = 'pending';
```

ही क्वेरी दर मिनिटाला चालवून ग्राफ काढला. क्यूची लांबी मोजू नका, सकाळी सातला ती लांब असणारच, त्याने काही कळत नाही. किती वेळ थांबलाय ते मोजा.

आणि त्याच ग्राफने दोन महिन्यांनी पकडून दिलं. 11 तारखेला सकाळी मेसेज 20 मिनिटं मागे. वर्कर ठीक, मेसेजवाल्याचा सर्व्हर ठीक. परत 21 तारखेला तेच. मग 1 तारखेला तेच, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: दहा दिवसांचं बिल! त्या दिवशी सकाळी हिशोबनीस बिलाचा रिपोर्ट काढायला बसतात आणि ती एक क्वेरी 40 मिनिटं चालते, त्याच डेटाबेसवर. ती चालू असेपर्यंत तिला जुनं चित्र दिसत राहावं लागतं, म्हणून तिच्या सुरुवातीनंतर मेलेली एकही ओळ व्हॅक्यूमला काढता येत नाही. `n_dead_tup` चढत जातो, वर्करची क्वेरी कचऱ्यातून चालत 20 ओळी शोधते आणि दर वेळेला जास्त चालते. म्हणजे दुसरा परिणाम आम्ही लिहिला होता खरा, पण त्याचा शेजारी कोण ते नव्हतं ओळखलं.

जुनी फाइल बदलायची नाही, मग करायचं काय

इथे नवीन माणूस गोंधळतो. आमच्यातल्या एकाने 0002 उघडून परिणामात "बिलाच्या रिपोर्टमुळे मंदावते" अशी ओळ घालायला घेतली. नको. ती फाइल म्हणजे त्या दिवशी आपल्याला काय माहीत होतं त्याचा फोटो आहे, आज त्यात दुरुस्ती केली तर तेव्हा आपण काय बघून ठरवलं तेच हरवतं. शुद्धलेखन सुधारा, तुटलेली लिंक सुधारा, मजकूर नको.

त्याऐवजी नवीन फाइल. 0005 लिहिली: बिलाचा रिपोर्ट रेप्लिकावर चालेल. तिच्या संदर्भात 0002 ची लिंक आणि ग्राफमधले आकडे. तिच्या परिणामातली एक ओळ इथे द्यायलाच हवी, कारण ती आम्ही आधी तपासली म्हणून वाचलो: रेप्लिकावर `hot_standby_feedback` चालू असेल तर तिथली लांब क्वेरी मूळ डेटाबेसचं व्हॅक्यूम पुन्हा तसंच अडवते, म्हणजे सगळं करून परत पहिले पाढे. ते बंद ठेवलं तर रेप्लिका मधेच क्वेरी रद्द करू शकते, म्हणून तिथे `max_standby_streaming_delay` एक तास केला. त्याची किंमत अशी की बिल चालू असताना रेप्लिका मूळ डेटाबेसच्या मागे पडते. बिल मागच्या दहा दिवसांचं असतं, त्यामुळे चालतं, पण ताजे आकडे दाखवणारी कुठलीही स्क्रीन त्या रेप्लिकावर नेऊ नका, असं तिथेच ठळक लिहिलंय.

आता 0005 ने 0002 रद्द झाला का? नाही, क्यू अजून पोस्टग्रेसमध्येच आहे. म्हणून 0002 चा स्टेटस `Accepted` च राहिला, फक्त लिंक जोडली. निर्णय खरोखर फिरला, उद्या क्यू काफ्कावर गेली, तरच जुन्याचा स्टेटस `Superseded` होतो. तेव्हा

```
adr new -s 2 SMS queue in Kafka
```

असं केलं की नवी फाइल बनते आणि दोन्हींच्या स्टेटसमध्ये एकमेकांची लिंक पडते. जुनी फाइल डिलीट करायची नाही, कारण काफ्का जमलं नाही म्हणून परत यायची वेळ आली तर पोस्टग्रेसची सगळी कारणं तयार सापडतात.

रिव्ह्यू कसा करतो

पीआर उघडायचा, स्टेटस `Proposed`, तीन दिवस कमेंटला. मीटिंग घेतलीच तर पहिली दहा मिनिटं सगळे गप्प बसून फाइल वाचतात, कारण घरून वाचून येणार म्हणणारे वाचून येत नाहीत, मी पण नाही येत. मग फक्त न पटलेल्या जागांवर बोलायचं. एकमत व्हायलाच पाहिजे असं नाही, लीड ठरवते, पण न पटलेल्याचा मुद्दा पर्यायांत नीट उतरला का हे तो स्वतः वाचून सांगतो. मर्ज करताना स्टेटस `Accepted`. पीआर आठवड्यापेक्षा जास्त लटकला तर बहुतेक वेळा एका फाइलमध्ये दोन निर्णय कोंबलेले असतात, फोडून बघा.

भाषेचं विचाराल तर आमचं भांडण मराठीत, फाइल इंग्रजीत, कारण टीममध्ये एक जण चेन्नईचा होता. इथे मी मराठीत दाखवलं तसं सगळी टीम मराठी असेल तर मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, उलट संदर्भ जास्त खरा उतरतो.

आणि फाइल लिहून झाली की कोडमध्ये तिचा पत्ता टाका, जिथे कोणाचा हात शिवशिवणार तिथेच. आमच्या जॉब टाकणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावर एकच ओळ आहे:

```python
# same transaction as milk entry, see doc/adr/0002
```

मला त्या दिवशी ही एक ओळ दिसली असती तर माझे दोन आठवडे आणि त्या आजोबांची सकाळ वाचली असती.

जुन्या निर्णयांचं काय

सगळं मागचं लिहायला बसू नका, कधीच पूर्ण होत नाही. ज्यावर दुसऱ्यांदा कोणी "हे असं का" विचारलं तेवढंच लिहा. तारीख आजची टाका आणि संदर्भाच्या पहिल्याच ओळीत सांगा की हे नंतर लिहिलंय, निर्णय त्याआधीचा आहे. आम्ही त्या सोडून गेलेल्या सिनियरला फोन लावला. ट्रान्झॅक्शनचं कारण त्याने दहा सेकंदांत सांगितलं, सर्व्हर सांभाळायला माणूस नव्हता हेही. मग मी विचारलं, "दादा, आणि सुरुवातीला वर्कर एका वेळी 20 च ओळी का उचलायचा ठेवलास?" तो जरा वेळ गप्प. "काय की रे, तेव्हा काहीतरी कारण होतं." आम्ही फाइलमध्ये लिहिलं: 20 हा आकडा आधीपासूनचा, कारण सापडलं नाही, मोजून बदलायला हरकत नाही.